सूर्य ‘ती’ आणि चंद्र ‘तो’: जर्मन कविता मराठीत आणताना लिंगाचं काय करायचं

जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे, ‘डी झोनऽ’. चंद्र पुल्लिंगी, ‘डेर मोन्ट’. जर्मन शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यातच हे कळतं, थोडी गंमत वाटते आणि मग पाठांतरात विरून जातं. पण जर्मन कविता मराठीत आणायला बसलं की तेच पुन्हा समोर येतं, कारण आपल्याकडे सूर्यही ‘तो’ आणि चंद्रही ‘तो’. मूळ कवितेत एक बाई आणि एक पुरुष असतील, तर मराठीत दोन पुरुष उभे राहतात. कवितेतलं नातंच बदलतं.

हे नेमकं कुठे आणि कसं बदलतं, ते हाइनरिख हाइनेच्या एका बारा ओळींच्या कवितेवरून पाहू. त्याआधी एक खुलासा करायला हवा. ‘जर्मन माणसाला सूर्य बाईसारखा दिसतो’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते तसं खरं नाही. बर्लिनमध्ये कोणी सकाळी खिडकी उघडून ‘झोनऽ शाइन्ट’, म्हणजे ‘ऊन पडलंय’, म्हणतं, तेव्हा त्याच्या डोक्यात कुठलीही बाई नसते. आपण ‘खुर्ची मोडली’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात बाई नसते, तसंच. व्याकरणातलं लिंग एरवी झोपलेलं असतं. कवी त्या वस्तूला माणसासारखं वागवायला लागला, तिला घाबरायला, रडायला, प्रेम करायला लावलं, की ते जागं होतं.

ही स्त्रीलिंगी सूर्याची गोष्ट जुनी आहे. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात जर्मन भाषेच्या जुन्या रूपातले दोन मंत्र सापडले. मेर्सेबुर्ग गावी सापडले म्हणून त्यांना मेर्सेबुर्गचे मंत्र म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या मंत्रात ‘सुन्ना’ नावाची देवी येते, म्हणजे सूर्यच, आणि तिला बहीण आहे. उत्तरेकडच्या नॉर्स कथांमध्ये सोल ही सूर्यदेवी आणि मानी हा तिचा भाऊ चंद्र. आपल्याकडेही याचा एक धागा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 85व्या सूक्तात सूर्या नावाची वधू आहे आणि तिचा वर आहे सोम. पण ती सूर्याची मुलगी, स्वतः सूर्य नव्हे. शिवाय आजच्या मराठी वाचकाच्या कानात ‘सूर्या’ हे मुलाचं नाव म्हणून बसलेलं आहे. तेव्हा हा धागा ऐकायला सुंदर असला तरी अनुवादाला त्याचा उपयोग नाही.

जर्मनमध्ये लिंग दिसतं कुठे, आणि मराठीत कुठे, हा फरक आधी पाहायला हवा. दोन्ही भाषांत लिंगं तीन आहेत, त्यामुळे वरवर मराठी माणसाचं काम हिंदीवाल्यापेक्षा सोपं वाटतं. पण लिंग बोलण्याच्या जागा वेगळ्या आहेत. जर्मनमध्ये ते नामाआधीच्या उपपदात दिसतं (डेर, डी, डास), नामाआधीच्या विशेषणात दिसतं, आणि नंतर येणाऱ्या सर्वनामात दिसतं (एर, झी, एस). क्रियापदात मात्र अजिबात दिसत नाही. सूर्य ‘शाइन्ट’, चंद्रही ‘शाइन्ट’. मराठीत बरोबर उलटं. आपल्याकडे उपपद नाही, पण क्रियापद बोलतं: सूर्य उगवला, चांदणी उगवली, ऊन पडलं. म्हणजे जर्मन कवी सर्वनाम टाळून एखाद्या वस्तूचं लिंग ओळी-ओळी झाकून ठेवू शकतो. मराठीत ते पहिल्याच क्रियापदाला उघडं पडतं.

आता कविता. हाइनेची ही कविता 1823 साली आली आणि पुढे 1827च्या ‘बुख डेर लीडर’ या संग्रहात गेली. रोबेर्ट शूमानने 1840 मध्ये तिला चाल लावली, म्हणून संगीताच्या जगात ती जास्त माहीत आहे. तिचा सरळ अर्थ असा:

कमळफूल सूर्याच्या थाटामाटाला घाबरतं आणि मान खाली घालून, स्वप्न पाहत, रात्रीची वाट बघतं. चंद्र, तो तिचा प्रियकर. तो आपल्या प्रकाशाने तिला जागं करतो, आणि ती मोकळ्या मनाने आपला भाविक, भोळा फुलासारखा चेहरा त्याच्यापुढे उघडते. ती फुलते, पेटते, उजळते, आणि मुक्याने वर टक लावून पाहते. ती दरवळते, रडते आणि थरथरते, प्रेमाने आणि प्रेमाच्या दुःखाने.

या गद्यातही पहिल्या वाक्यात ‘घाबरतं’ आहे आणि पुढे ‘ती’ आली. मराठीत ‘कमळ’ नपुंसकलिंगी, त्यामुळे सुरुवातीलाच गाडी अडखळते. मूळात तसं काही नाही. तिथे कमळ आहे ‘डी लोटोसब्लूमऽ’, स्त्रीलिंगी. सूर्य स्त्रीलिंगी. रात्र, ‘डी नाख्ट’, तीही स्त्रीलिंगी. आणि या सगळ्या बायकांच्या गोतावळ्यात एकटा पुरुष म्हणजे चंद्र. ही रचना हाइनेने जुळवून आणलेली दिसते, आणि तसं म्हणायला आधारही आहे. जर्मनमध्ये कमळाला नुसतं ‘लोटोस’ही म्हणतात आणि तो शब्द पुल्लिंगी आहे, ‘डेर लोटोस’. हाइनेने त्याला शेवटी ‘ब्लूमऽ’ म्हणजे फूल जोडलं. जर्मन समासाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं आणि ‘ब्लूमऽ’ स्त्रीलिंगी, म्हणून कमळ ‘ती’ झालं.

समासाचा हा नियम आपल्याला परका नाही. संस्कृत तत्पुरुषातही शेवटचं पद लिंग ठरवतं, आणि मराठीने तो वारसा घेतला आहे: सूर्यप्रकाश ‘तो’, सूर्यप्रभा ‘ती’, सूर्यबिंब ‘ते’. पुढे अनुवादात ही किल्ली कामाला येणार आहे.

मूळ वाचताना एका जागी नवशिक्यांची हमखास फसगत होते. पहिल्या कडव्यात शब्द आहेत ‘फोर डेर झोनऽ प्राख्ट’. ‘डेर’ दिसला की पुल्लिंगी, असं पाठ केलेल्याला वाटतं, अरे, इथे सूर्य पुल्लिंगी कसा झाला? तो झालेला नाही. हे ‘डेर’ स्त्रीलिंगी नामाचं षष्ठीचं रूप आहे: ‘सूर्याचा थाट’. जर्मनमध्ये तेच उपपद वेगवेगळ्या विभक्तींत वेगवेगळ्या लिंगांसाठी येतं. म्हणून अनुवाद हातात घेतला की आधी कवितेतल्या प्रत्येक नामाचं प्रथमेचं एकवचन शब्दकोशातून काढून कागदाच्या कडेला लिहून ठेवावं. बारा ओळींच्या कवितेत ते दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळलं की अख्खा अनुवाद चुकीच्या पायावर उभा राहू शकतो.

आता आपण सरळ ‘सूर्य’ वापरला तर काय होईल ते पाहा. कमळाला स्त्री केलं, सूर्य आणि चंद्र दोघेही पुरुष. एक बाई एका पुरुषाला घाबरते, मान खाली घालते, आणि रात्र झाली की दुसऱ्या पुरुषापुढे पदर बाजूला करते. मराठी वाचक दुसरी ओळ संपायच्या आत सूर्याला तिचा नवरा करून टाकतो. त्यात मूळचा शब्द ‘बूलऽ’ तेल ओततो. त्याचा अर्थ प्रियकर, पण नवरा नव्हे. त्याला चोरटेपणाचा हलकासा वास आहे. मूळ कवितेत दिवस आणि रात्र आहेत, लाजाळू फूल आहे, आणि सूर्य म्हणजे जिच्यापुढे वावरायला नको वाटतं अशी एक झगमगीत बडी बाई. तिच्यापुढे संकोच आहे, बंधन नाही. मराठीत मात्र त्रिकोण तयार होतो आणि कविता व्यभिचाराची होते. एकही शब्द चुकीचा न लावता.

हाइनेला भारताची ओढ होती हे खरं. तो बॉनमध्ये शिकत असताना आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल तिथे होता. 1818 पासून त्याच्याकडे तिथलं अध्यासन होतं आणि तो संस्कृत शिकवत होता. या कवितेच्या आधीचीच कविता प्रेयसीला गंगेकाठी घेऊन जाते. पण फुलाच्या बाबतीत हाइनेची आणि आपली परंपरा आमनेसामने येतात. आपलं कमळ दिवसा उमलतं आणि सूर्याचं असतं. रात्री उमलतं ते कुमुद, पाण्यातलंच पण वेगळं फूल, आणि ते चंद्राचं. मराठीत यांना सूर्यविकासी आणि चंद्रविकासी कमळ म्हणण्याचीही पद्धत आहे. कालिदासाच्या शाकुंतलात पाचव्या अंकात दुष्यंताच्या तोंडी ही ओळ आहे: ‘कुमुदान्येव शशाङ्कः सविता बोधयति पङ्कजान्येव’. चंद्र फक्त कुमुदांना जागं करतो, सूर्य फक्त कमळांना. आणि दुष्यंत हे का म्हणतो? तर संयमी माणूस दुसऱ्याच्या बायकोला हात लावत नाही, हे सांगायला. म्हणजे आपल्या परंपरेत कोणतं फूल कोणाचं, हा घर-संसाराचा मामला आहे. चंद्राने कमळाला जागं करणं म्हणजे परस्त्रीला जागं करणं.

त्यामुळे फुलासाठी शब्द निवडताना दोन गोष्टी एकाच वेळी जमायला हव्यात: लिंग आणि जात. ‘कमळ’ दोन्हीत नापास. ‘कमलिनी’, ‘पद्मिनी’, ‘नलिनी’ हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, कानाला गोड आहेत, आणि म्हणूनच फसवे आहेत. संस्कृत काव्यात त्या सूर्याच्या. कमलिनी सूर्याला घाबरली आणि चंद्रासाठी झुरली, तर त्रिकोणाचा संशय पक्का होतो. ‘कुमुद’ जातीने बरोबर, लिंगाने नपुंसक. उरतो ‘कुमुदिनी’. काटेकोर पाहिलं तर तो शब्द एका फुलापेक्षा कुमुदाच्या वेलीला किंवा समूहाला लागतो, पण कवितेत तो फुलासाठी सहज चालतो.

याची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जर्मन वाचकाला हे फूल दूरचं, अनोळखी, पौर्वात्य वाटतं. मराठीत ‘कुमुदिनी आणि चंद्र’ म्हटलं की हजार वर्षांची घासून गुळगुळीत झालेली जोडी समोर येते. हाइनेचं नवल आपल्याकडे येताना जुनं होतं. तरीही कुमुदिनीच घ्यावी असं आमचं मत आहे, कारण ओळखीचं वाटणं परवडतं, पण चुकीचं नातं वाटणं परवडत नाही. प्रियकरासाठी ‘नाथ’ किंवा ‘पती’ मात्र घेऊ नये. संस्कृतात चंद्राला कुमुदिनीचा नाथ म्हणतात खरं, पण ते लावलं की ‘बूलऽ’ मधला मोकळेपणा जाऊन लग्न लागतं. ‘जार’ फार उघडं आहे. ‘साजण’ बरा: प्रेमाचा, लोकगीतातला, आणि लग्न झालंय की नाही याबद्दल गप्प राहणारा.

आता सूर्याचं काय? इथे मूळ ओळच मदतीला येते. फूल सूर्याला नाही, सूर्याच्या ‘प्राख्ट’ला घाबरतं, म्हणजे थाटाला, दिमाखाला. तेव्हा सूर्य हे नाम मागे सारून त्याच्याऐवजी प्रकाशाचं नाम पुढे आणता येतं. ‘सूर्यप्रभा’ घेतलं तर समासाच्या नियमाने स्त्रीलिंग आपोआप मिळतं आणि मूळची बाईही राहते. अडचण एवढीच की ‘प्रभा’ फार सौम्य आहे, तिला कोणी घाबरत नाही. ‘दीप्ती’चंही तेच. दुसरा मार्ग ‘ऊन’. ते नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे सूर्याची बाई जाते, पण पुरुषही येत नाही. आणि ऊन बोचतं, भाजतं, डोळे दिपवतं. या कवितेत सूर्य स्वतः काही करत नाही, तो फक्त असतो. म्हणून त्याचं स्त्रीत्व गेलं तरी चालतं. त्याचं पुरुष होणं तेवढं टाळायचं. मूळ कवितेत सूर्य बोलत असता, हसत असता, तर ‘ऊन’ पुरलं नसतं.

क्रियापदांचा प्रश्न वेगळा. वर म्हटलं तसं मराठी क्रियापद लिंग उघडं करतं, पण सगळी रूपं करत नाहीत, आणि अनुवादकाने ही यादी हाताशी ठेवावी. भविष्यकाळात तृतीय पुरुषी एकवचनात लिंग दिसत नाही: तो उगवेल, ती उगवेल, ते उगवेल. शाळेत शिकवतात तो रीती भूतकाळही तसाच: तो जाई, ती जाई, ते जाई. कवितेत हीच रूपं वर्तमानासारखी चालतात, ‘वारा वाहे’, ‘नदी वाहे’. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतं आणि क्रियापद कर्माकडे वळतं: ‘चंद्राने पाकळी उघडली’, ‘चांदणीने पाकळी उघडली’. कर्त्याचं लिंग क्रियापदातून गायब. आणखी एक गंमत लेखी मराठीत आहे. बोलताना आपण ‘कमळ उमलतं’ आणि ‘कळी उमलते’ असा फरक करतो, पण प्रमाण लेखी रूपात दोन्हीकडे ‘उमलते’. म्हणजे छापील कवितेत वर्तमानकाळात स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग एकमेकांत मिसळतात. कधी त्याचा फायदा होतो, कधी घोटाळा.

या सगळ्याचा हिशेब करून, मूळच्या छोट्या ओळींना जवळ म्हणून आठ अक्षरांची ओळ धरली, आणि हाइनेसारखंच दुसऱ्या-चौथ्या ओळीत यमक ठेवलं, तर असा खर्डा होतो:

कुमुदिनी बिचकते
उन्हाच्या या दिमाखाला;
मान खाली, स्वप्नी दंग,
आसुसते काळोखाला.

चंद्र, तो तिचा साजण,
उजेडाने जाग देई;
त्याच्यापुढे चेहऱ्याचा
पदर ती दूर नेई.

उमले, तापे, उजळे,
वर पाहे मूक मुखे;
गंधाळते, रडे, कापे
प्रीतीने नि प्रीतिदुःखे.

यात काय साधलं आणि काय सांडलं ते ओळीगणिक पाहण्यासारखं आहे. पहिल्या कडव्यात ‘रात्र’ जाऊन ‘काळोख’ आला. रात्र मूळात स्त्रीलिंगी आहे आणि मराठीतही, तरी ती सोडली, कारण ती कवितेत काही करत नाही, फक्त येते. ‘दिमाखाला’शी जुळणारं यमक तिच्याकडे नव्हतं. ज्या नामाला माणसाचं काम दिलेलं नाही, त्याचं लिंग सोडायला हरकत नाही, हा सोयीचा नियम.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ आमच्या मते सगळ्यात जवळची उतरली आहे. जर्मनमध्ये आहे ‘डेर मोन्ट, डेर इस्ट ईर बूलऽ’: चंद्र, तो आहे तिचा प्रियकर. ‘डेर’ दोनदा येतो आणि पुरुषपण ठसठशीत होतं. इथे चंद्र आपल्याकडेही ‘तो’, त्यामुळे ‘चंद्र, तो तिचा साजण’ हे वळण जसंच्या तसं आलं. पुढे ‘देई’ आणि ‘नेई’ ही बिनलिंगी रूपं घेतली, त्यामुळेच ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या ओळींचं यमक जुळलं. ‘जागवतो’ घेतलं असतं तर पुढच्या ओळीत ‘उघडते’ येऊन यमक मोडलं असतं, किंवा यमकासाठी ‘पदर ढळतो’ करावं लागलं असतं. त्यात पदर आपोआप ढळतो आणि तिची मर्जी जाते. मूळात ती स्वतः, आनंदाने उघडते. तो आनंद आणि चेहऱ्याचा भाविकपणा मात्र आठ अक्षरांत मावला नाही. ‘भोळ्या’ बसवायला जावं तर ‘त्याच्यापुढे’ सोडावं लागतं, आणि ‘कोणापुढे’ हे त्या कडव्याचं मर्म आहे.

तिसऱ्या कडव्यात चूक अगदी अंगावर येऊन गेली असती. मूळात ‘झी’, म्हणजे ‘ती’, दोनदा येतं, आणि सात क्रियापदं तिच्या मागे रांगेत येतात. ती सातही ‘उमले, तापे, रडे’ अशा बिनलिंगी रूपात घातली की कडवं सुरेख वाहतं, पण त्यात ‘ती’ कुठेच उरत नाही. कोण रडतंय? नुकताच चंद्र येऊन गेला आहे. कडवं सुटं वाचणाऱ्याला तोच रडतोय असं वाटू शकतं. म्हणून ‘दरवळे’ हा खरं तर जास्त चांगला शब्द काढून तिथे ‘गंधाळते’ घातलं. त्या एका ‘-ते’ने चंद्र बाद होतो, कारण त्याच्यासाठी ‘-तो’ आलं असतं. उलट सातही क्रियापदं ‘-ते’ने संपवली असती तर कविता ठेका धरून आपटत राहिली असती. बिनलिंगी रूपं भरपूर आणि लिंग सांगणारं एखादंच, हे प्रमाण बरं. पहिल्या शब्दासाठी ‘फुले’ सुचतं, ते टाळायलाच हवं: वाचक ते क्रियापद न समजता ‘फुलं’ असं अनेकवचन समजतो आणि ओळ फसते.

दुसऱ्या एका कवितेत मराठी व्याकरण आश्चर्य वाटावं इतकं साथ देतं. आयशेनडोर्फची 1837 मधली चांदरातीची कविता अशी सुरू होते की जणू आकाशाने धरतीचं हळूच चुंबन घेतलं, आणि आता तिला त्याचीच स्वप्नं पडावीत. जर्मनमध्ये आकाश, ‘डेर हिमेल’, पुरुष. धरती, ‘डी एर्डऽ’, स्त्री. आपल्याकडे धरती ‘ती’ आहेच, पण आकाश आणि आभाळ नपुंसकलिंगी. वाटतं, इथे कविता मोडणार. पण पाहा: ‘आभाळाने धरतीचे हलके चुंबन घेतले’. ‘घेतले’ चुंबनाशी जुळलं, आभाळाचं लिंग दिसलंच नाही. पुढे ‘त्याची स्वप्ने’. ‘त्याचा, त्याची’ हे पुल्लिंगाला आणि नपुंसकलिंगाला एकच असतं, आणि जर्मनमध्येही या जागी येणारं ‘ईम’ दोघांना एकच. वाचक धरतीला ‘ती’ ऐकतो आणि आभाळाला मनातल्या मनात ‘तो’ करून टाकतो. अट एकच: आभाळाला कुठेही प्रथमेत आणून त्याला क्रियापद द्यायचं नाही. ‘आभाळ झुकलं’ म्हटलं की खेळ संपला.

सूर्य कवितेत खरोखरच बाई असेल, आई किंवा राणी म्हणून बोलत-चालत असेल, तर वाट अवघड होते. ‘सूर्यमाता’ किंवा ‘सूर्यराणी’ असा समास पहिल्यांदा सुचतो, पण तो तत्पुरुष म्हणून वाचला जातो: सूर्याची आई, सूर्याची राणी. ‘सविता’ हा शब्द मोह पाडतो. संस्कृतात तो पुल्लिंगी, सूर्यदेवाचं नाव. पण मराठी वाचक ते मुलीचं नाव म्हणूनच ऐकतो. ‘सविता आली’ असं लिहिलं तर संस्कृत जाणणारा भुवया उंचावेल आणि इतरांना शेजारची सविता आठवेल. ‘उषा’ देवी आहे, पण ती पहाट. दुपारच्या कवितेत ती चालत नाही. अशा वेळी ‘सूर्य’ हा शब्द ठेवून पहिल्या उल्लेखालाच नातं उघड सांगावं, ‘आई आमुची, सूर्य आमुचा’ अशा जोडणीने, आणि पुढे कवितेभर ‘आई’ याच शब्दाला क्रियापदं द्यावीत. तेही बसत नसेल तर कवितेवर एक ओळीची टीप द्यावी: जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. टीप द्यायची ती कवितेच्या आधी. शेवटी दिली तर वाचकाने तोवर सूर्याला पुरुष करून कविता वाचून टाकलेली असते.

झाडांच्या बाबतीतही हाइनेने हाच खेळ केला आहे. बर्फातला एकटा स्प्रूस दूर पूर्वेच्या, तापलेल्या कड्यावरच्या ताडासारख्या झाडाची स्वप्नं पाहतो, अशी त्याची आठ ओळींची कविता आहे. नुसता ‘फिख्टऽ’ स्त्रीलिंगी असतो, म्हणून त्याने ‘बाउम’ म्हणजे झाड जोडून ‘फिख्टनबाउम’ केला, आणि तो पुल्लिंगी झाला. पाम मात्र ‘डी पाल्मऽ’, ती. रशियन कवी लेर्मोंतोवने याचं भाषांतर करताना स्त्रीलिंगी ‘सस्ना’, म्हणजे पाइन, वापरला; दोन्ही झाडं स्त्रीलिंगी झाली आणि प्रेमकविता एकटेपणाची कविता बनली. त्यूत्चेव या दुसऱ्या रशियन कवीने पुल्लिंगी देवदार घेऊन जोडी टिकवली. मराठीत पहिल्या झाडाला देवदारच ठीक आहे, ‘तो’ आहे आणि हिमालयातला असल्याने बर्फही सोबत आणतो. पंचाईत दुसऱ्या झाडाची. माड, ताड, नारळ सगळे ‘तो’. ‘पोफळ’ ‘ती’ आहे, पण ती कोकणातल्या ओलसर बागेतली सुपारीची सडपातळ पोर. तापलेल्या कड्यावर तिला उभं केलं तर आठ दिवसांत वाळेल. लिंगाने आणि हवामानाने दोन्हीत बसते ती ‘शिंदी’. उघड्या माळावर, उन्हात, एकटी उभी राहणारी. पण शिंदी म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला ताडी आठवते, आणि देवदार बर्फात उभा राहून तिची स्वप्नं पाहतोय म्हटल्यावर वाचक हसणार. तिथे ‘खजुरी’ हा थोडा जुना शब्द बरा: लिंग मिळतं, वाळवंट मिळतं आणि हसू येत नाही.